पनीरमधलं शेंगाचं कूट

कलबुर्गीत आमचं स्वयंपाकघर एकच, पण मोबाइलच्या ॲपवर आमची हॉटेलं दोन: एक ज्वारीच्या भाकरीचं, एक पंजाबी. दोन्हीकडचं रांधते माझी थोरली बहीण, अक्का.

एकदा एका गिऱ्हाईकाचा फोन आला. “त्या दुसऱ्या हॉटेलचं भाकरी-वांगं खाऊन कंटाळलो, म्हणून तुमचं पनीर मागवलं. तर ह्यालाबी वांग्याचीच चव यायलीय!”

मी भडकले. “अक्का, पनीरमध्ये शेंगाचं कूट कामून घातलंस?”

“रस्सा पातळ झालता. कुटाबिगर दाट होतो व्हय?”

“अगं, एखाद्याला शेंगा सोसत न्हाईत!”

दोन नावं लावणं सोपं होतं. एका हाताला दोन चवी शिकवणं अवघड. पंजाबीचे डबे, पळ्या वेगळ्या केल्या. कूट भाकरीच्या फळीवरच राहिलं. काजू-टोमॅटोची ग्रेव्ही मापानं होऊ लागली.

काही दिवसांनी त्याच गिऱ्हाईकानं पंजाबी हॉटेलच्या नावाखाली लिहिलं, ‘आता बरं आहे. पण हाताला चव कशी असते, ते त्या भाकरीवाल्यांकडून शिका.’

मी ते अक्काला वाचून दाखवलं. तिनं पदराला हात पुसले नि विचारलं, “मग, घालू कूट?”