बसथांब्यावरची बाई

आमच्या शाळेत शरदचंद्र केदारी सरांना कुणी म्हणजे कुणी घाबरत नाही. मी गणित शिकवते, माझा आवाज व्हरांड्यात ऐकू आला तरी पोरं बाकावर सरळ बसतात. चित्रकलेचा तास असला की मात्र पाण्याचे डबे सांडतात, ब्रश हरवतात आणि सर हसत फरशी पुसतात. मला पहिली दोन वर्षं या माणसाचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू!

सर जवळच्याच चांदे गावचे. भावांनी जमिनीवर खोल्या बांधून हिंजवडीत आयटीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या, हे मात्र रोज दुचाकीवरून कासार आंबोलीला आमच्या शाळेत येतात आणि रंगपेटी नसलेल्या पोरांना आपली देतात. कुणाचं चित्र वाईट म्हणणं त्यांना जमत नाही. पण नववीची मुलं चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणार होती आणि तिथे असला भिडस्तपणा चालत नाही. म्हणून सरांनी एक पद्धत काढली. स्मरणचित्राचा सराव घ्यायचा, त्यातली तीन चित्रं निवडायची, क्रमांक द्यायचे आणि का दिले ते सगळ्या वर्गाला पत्र लिहून सांगायचं. तोंडावर बोललं की पोरांना लागतं, कागदावरचं दोनदा वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं.

ऑगस्टमधला विषय होता ‘बसथांबा’. वेळ दोन तास. पत्र लिहायच्या आधी सरांनी तिन्ही चित्रं शिक्षकखोलीतल्या टेबलावर मांडली. मला चित्रातलं ओ का ठो कळत नाही, तरी माझी नजर तिसऱ्यावरून हलेना. नववीतल्या धम्मदीपाचं होतं ते. थांब्याच्या कट्ट्यावर एक बाई बसलेली, एक चप्पल काढून दोन्ही हातांनी तळपाय दाबतेय. मान खाली, खांद्यावरची पिशवी काढायचंही त्राण नाही. ही धम्मदीपाची आई. पिरंगुटच्या कारखान्यात दिवसभर उभी राहते, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या दोन बायका नुसत्या पेन्सिलीत, बसची फक्त कड, आणि अर्धा कागद कोरा.

“हाच पहिला,” मी म्हणाले.

“बाई, माझा बी पयलाच हाय,” सर हळू बोलले. “पर परीक्षक अर्ध्या कागदाला ग्रेड देत न्हाई. आन तिच्या आईनं सांगून ठेवलंय, ग्रेड आली तर पुढं चित्रकला, न्हाईतर रंगाचा खर्च बंद.”

ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, एवढंच त्या माउलीला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. सरांनी दोन दिवस घालवून पत्र लिहिलं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर चित्रांखाली लावलं. मी ते उतरवून घेतलंय.

“प्रिय मुलांनो, आधी चित्रं बघा, मग पत्र वाचा. क्रमांक परीक्षकाच्या नजरेने दिले आहेत: विषय कळतो का, माणसं प्रमाणात आहेत का, मांडणी, रंग, आणि चित्र वेळेत पुरं झालं का. क्रमांक त्या दिवशीच्या चित्राला आहे, तुम्हाला नाही.

पहिला, स्वानंद. तू बस तिरकी काढलीस, त्यामुळे नजर आपोआप रांगेकडे जाते. मांडणी याला म्हणतात. सगळी माणसं समोर बघत फोटोला उभी आहेत. पुढच्या वेळी दोघांना एकमेकांशी बोलायला लाव.

दुसरा, ऋतिका. ओल्या रस्त्यावर तू बसचा लाल रंग उतरवलास, तो मी शिकवलेला नाही, तू पाहिलेला आहेस. तुझ्या माणसांचे हात फार आखूड झाले. हात खाली सोडला की बोटं मांडीच्या मध्यावर येतात. रोज घरातलं एक माणूस उभं करून बघ.

तिसरा, धम्मदीपा. तुझी बाई खरोखर दमलेली आहे. तिची पाठ बघितली की कळतं. असं रेखाटन या वर्गात दुसऱ्या कुणाचं नाही, माझंही नाही. पण एका बाईत तुझा दीड तास गेला आणि कागद अर्धा राहिला. वीस मिनिटांत पेन्सिल ठेव. आकाश, रस्ता, बस आधी पातळ रंगाने भरून घे. माणसं थोडी लांबची आणि लहान काढ, म्हणजे चेहऱ्यात वेळ जात नाही. चित्र पुरं कर, एवढंच तुझं राहिलंय.”

मी गणितवाली, मला पत्र चोख वाटलं. प्रत्येकाला एक खरी गोष्ट, एक चूक आणि एक करण्याजोगं काम. पोरांनी गर्दी करून वाचलं, कुणी कुणाला चिडवलं नाही. धम्मदीपाने आपला भाग वहीत लिहून घेतला, शब्द न् शब्द. ती पोर माझ्या तासालाही अशीच, सांगितलेली रीत सोडायची नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

महिनाभराने दुसरा सराव झाला. विषय ‘आठवडे बाजार’. सरांनी पुन्हा तीन चित्रं टेबलावर मांडली आणि खुर्चीत बसून राहिले. धम्मदीपाचं चित्र पुरं होतं. आकाश सपाट निळं, डोंगर, मधून रस्ता, दोन्ही बाजूंना ताडपत्र्या, आणि लांबवर आठ-दहा माणसं, सगळी पाठमोरी, सगळी सारख्या उंचीची. कुठे डाग नाही, कुठे कोरं नाही. असं चित्र मी शंभर घरांच्या भिंतींवर पाहिलंय. मला रडू यायला लागलं आणि सरांचा असा राग आला म्हणून सांगू!

“तुम्हीच सांगितलंत ना!” मी म्हणाले.

“व्हय,” सर म्हणाले. “मीच.”

त्यांनी तिला बोलावलं. ती आली ती उड्या मारतच.

“धम्मदीपा, ह्या खेपेला आईला न्हाई काढलं? ती जाती की बाजाराला.”

“जाती की सर. पर तिला काढायला लई वेळ लागतो. आता न्हाई काढत मी तिला.” मग ती जरा घाबरून म्हणाली, “पुरं झालंय न्हवं?”

सर काय सांगणार होते? पुन्हा तशीच काढ म्हणाले तर कागद कोरा राहणार, ग्रेड जाणार, रंग बंद होणार. अशीच काढ म्हणाले तर, ते समोर होतंच.

“पुरं झालंय बाळा,” सर म्हणाले.

दुसरं पत्र लिहायला त्यांना आठवडा लागला. स्वानंदला आणि ऋतिकाला चार-चार ओळी सहज निघाल्या. धम्मदीपाच्या नावापुढे चित्रातली एक खरी गोष्ट लिहायची होती, ती त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी लिहिलं, “पहिला, धम्मदीपा. वेळेत पूर्ण, स्वच्छ काम.” पुढे सल्ला काहीच लिहिला नाही.

पत्र वाचून वर्गाने टाळ्या वाजवल्या. धम्मदीपाने ते चित्र मागून घेतलं, आईला दाखवायला. आई म्हणे फार खूश झाली, तिने ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. बसथांब्याचं चित्रही घेऊन जा, असं सर तिला म्हणाले.

“ते नगं सर,” ती म्हणाली. “त्यात माझी चूक हाय.”