भिंतीवरची काच

देवाजीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी काठीनं जमीन ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच चपला काढायचे. वणीजवळच्या खाणीत त्यांनी उभी हयात एकच काम केलं होतं. मजूर आत शिरण्याआधी डोक्यावरचं छत ठोकून पाहायचं. छत पक्कं असेल तर आवाज टणक येतो, सुटत आलं असेल तर ढोलासारखा पोकळ. "दगड बोलते बाई," ते म्हणत, "आयकनारा पायजे."

घाटंजीहून बदली होऊन मी वणीच्या शाळेत आले, तेव्हा ते माझे शेजारी झाले. पुढे मी पहिलंवहिलं घर घ्यायचं ठरवलं. खरेदीखत शुक्रवारी नोंदवायचं होतं. वकिलांनी मसुदा वाचून दाखवला होता : 'मिळकत प्रत्यक्ष पाहून, तक्रार नसताना ताबा घेतला.' म्हणून गुरुवारी सकाळी शेवटचं पाहून यावं म्हटलं. काका सोबत निघाले. "घर पाहाले गेलं का घरवाल्याचं आयकू नोका, घराचं आयका."

नळ सोडून पाहिले, बटणं दाबली, खोल्या टेपनं मोजून नकाशाशी ताडल्या. सगळं ठीक होतं. पडद्यांचं कापड तर मी आधीच घेऊन ठेवलं होतं.

मागच्या खोलीचं दार मी उघडलं आणि हात काढला. दार सावकाश, कुणी ओढावं तसं, आपोआप मिटलं.

"हवा येते," घरमालक म्हणाले. ते निवृत्त कारकून, अबोल गृहस्थ होते.

खिडक्या बंद होत्या, पंखाही. काकांनी दार पुन्हा उघडलं. ते पुन्हा मिटलं. काकांनी स्टुलावर चढून दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. एकाच कोपऱ्यात ताजा रंधा मारलेला होता. मग दोऱ्याला किल्ली बांधून त्यांनी चौकटीशी ओळंबा धरला. चौकट आत कलली होती. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरका, नव्या रंगाचा पट्टा गेला होता. नखानं खरवडल्यावर खाली केसाएवढी चीर दिसली.

त्यांनी फरशी ठोकली. दाराशी टणक, खोलीच्या मधोमध पोकळ.

"फरशीखाली मसाला कमी असला तरी असा आवाज येते," ते मला म्हणाले. "म्हनून मी आत्ताच काही म्हनत नाई."

तेवढ्यात पायाखालून बोटं मोडल्यासारखा बारीक आवाज आला. घरमालकांनी पायांकडे पाहिलं.

"येते तो कधी कधी," ते हळूच म्हणाले.

काकांनी चिरीवरचा रंग काढला, बाजारातून सामान आणलं आणि काचेची पातळ पट्टी आडवी बसवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की केली. शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. "चीर जुनी, थांबलेली असन तं काच राहीन. चालती असन तं फुटन. आठ दिवस सही करू नोका."

"दुसरं गिऱ्हाईक तयार हाय," घरमालक म्हणाले. मी रडकुंडीला आले होते, तरी वकिलांना फोन करून नोंदणी पुढे ढकलली.

सहाव्या दिवशी गेलो, तर ते दार उघडेचना. घरमालकांनी खांदा लावून ढकललं. काच मधोमध फुटली होती, आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा खाली उतरला होता. त्या खोलीत सहा दिवसांत कुणी गेलं नव्हतं.

काकांनी तळहात भिंतीवर ठेवला. "खाली जुनी खान हाय. छत तोलाले कोळशाचे खांब सोडले असतीन, ते चुरून राह्यले. बाजूच्या खोलीत कोन झोपते?"

"आई."

"तिची खाट आज हलवा."

घरमालक उंबऱ्यावर बसले. "मले मालूम होतं," ते म्हणाले. "कोनी घेतलं तं सुटू, असं वाटे."

माझा व्यवहार मोडला. मला वाटलं, काम संपलं. पण काकांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाठून सांगितलं, खाणीच्या कचेरीत अर्ज दिला, आणि म्हातारी लेकीकडे पोचेपर्यंत त्या घराच्या ओट्यावरून हलले नाहीत. भाद्रपदात एका दुपारी मागची खोली फरशीसकट खाली गेली. बघायला गेलेल्यांनी सांगितलं, धूळ बसल्यावरही खालून गार हवा वर येत होती. आत कुणी नव्हतं.

"दुसऱ्याच्या घरासाठी एवढं कायले केलं?" मी त्यांना विचारलं. तेव्हा दम्यानं त्यांना धड बोलवत नव्हतं.

"एकदा मी छत पक्कं हाय म्हनलो होतो," ते म्हणाले. "ठोकलं होतं, पन घाईत. तिघं आत गेलते. त्यायच्या घरी कोनी मले दोष देल्ला नाई, बाई. म्हनूनच जास्त टोचते."

त्या हिवाळ्यात काका गेले. त्या तिघांपैकी एकाची बायको, आता म्हातारी, त्यांच्या पायाशी दिवसभर बसून होती.