डोंगर कोणी खोडला

पुंजाराम भोये पेठ तालुक्यातला कृषी सहाय्यक. सरकारी योजना गावात पोचायची ती त्याच्या पायांनी. १९९८ साली खात्याचे संचालक डोंगरउतारावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आंबा लागवडीचा शासन निर्णय मंत्रालयातून निघतोच आहे. खड्डे खणायला लावा."

त्या शब्दावर पुंजारामने अख्खा पाडा कामाला लावला. शासन निर्णय निघाला, पण त्यात डोंगरउतार वगळले होते.

"धोरण मंत्रालय ठरवतं, आपण फक्त राबवतो," म्हणत संचालकांनी हात वर केले. पुंजारामला ते पटलं. पाड्यावर जाऊन त्याने मंत्रालयाला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढे नाशिकच्या आढावा बैठकीला मंत्रालयातले उपसचिव आले, तेव्हा त्याला राहवलं नाही. "साहेब, मुंबईत बसून आमचा डोंगर कसा काय खोडलात?"

उपसचिव चकित झाले. "उतार वगळा, हा अभिप्राय तुमच्या संचालकांनीच पाठवला. आम्ही तो मान्य केला, एवढंच."

संचालक शेजारीच चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आठवड्याभरात पुंजारामला नोटीस आली: शासन निर्णयाआधी खड्डे कोणाच्या आदेशाने खणले?

खाली संचालकांची सही होती.