दिन, दीन आणि दोनशे दिवसांची सरासरी

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून संसार चालवला. वाईट अर्थाने म्हणत नाही, तो त्यांचा पेशाच होता. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात माधवराव मुद्रितशोधक होते. लग्न ठरल्यावर मी त्यांना पाठवलेलं पहिलं पत्र त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. सात चुका होत्या. खाली ‘भेटीस उत्सुक’ असंही लिहिलं होतं, पण तिथपर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले. तेव्हाच नकार द्यायला हवा होता. पण मी गणिताची शिक्षिका, आणि सातच्या सात चुका खऱ्या होत्या.

छापखान्यात एक नियम होता, ह्यांनीच घालून दिलेला. आपण लिहिलेल्या मजकुराचं प्रूफ आपण वाचायचं नाही. लिहिणाऱ्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, जे लिहिलंय ते दिसत नाही. हा नियम ह्यांनी नवशिक्यांना इतक्यांदा ऐकवला की त्यातले दोघे नोकरी सोडून गेले.

निवृत्तीनंतर चुका काढायला माणसं कमी पडू लागली. सोसायटीच्या सूचना फलकावर किती दिवस भागणार? मग हे शेअर बाजाराकडे वळले. सारसबागेत फिरायला येणारे श्यामसुंदर ‘आतली बातमी’ म्हणून एक शेअर सुचवून गेले, ह्यांनी तो घेतला आणि तो शेअर अर्ध्यावर आला. श्यामसुंदरांनी तेव्हापासून फिरायची बाग बदलली आहे.

ही गोष्ट आमच्या केयूरला कळली. केयूर हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला, राहायला बाणेरला, आणि आमच्याकडे यायला महिन्यातून एकदा. आला तो बूट काढता काढताच म्हणाला, “बाबा, अकाउंट मी हँडल करतो. पासवर्ड द्या. तुम्ही रिलॅक्स करा.”

‘रिलॅक्स करा’ म्हणजे बाजूला बसा, हे ह्यांना बरोबर कळलं. त्या खात्यात पैसे किती होते हा प्रश्न नव्हता. सकाळी उठून स्वतःच्या डोक्याने ठरवण्यासारखं तेवढं एकच काम ह्यांच्याकडे उरलं होतं. चेहरा पडला. मला त्या क्षणी मुलाचा राग आला, आणि नवऱ्याचाही, कारण तो शेअर मी घेऊ नका म्हटलं होतं.

“एक महिना दे,” हे म्हणाले. “शेअर निवडायचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहितो. तुझ्या त्या पायथनमध्ये. तू तपास. त्यात एक जरी चूक निघाली, तर पासवर्ड तुझा.”

केयूर हसला. “डन,” म्हणाला. तो का हसला हे विचारायची ह्यांची हिंमत झाली नाही आणि माझी इच्छा झाली नाही.

मग महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अशी जेवणं झाली. ह्यांनी यूट्यूबवर शिकायला सुरुवात केली. शिकवणारा मुलगा ‘व्हेरिएबल’ म्हणाला की हे ‘चल’ म्हणून त्याला सुधारत. त्याला ते ऐकू जात नव्हतं हे त्याचं नशीब. चौथ्या दिवशी ह्यांना शोध लागला की पायथनमध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात. त्या दिवशी घरात श्रीखंड आलं. ‘इफ’ आणि ‘फॉर’ मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात, आणि चौदा हा आकडा मराठीत लिहिला तर प्रोग्रॅम अडून बसतो, याबद्दल ह्यांनी पायथनवाल्यांना पत्र लिहायचं ठरवलं होतं. पत्ता मिळाला नाही.

प्रोग्रॅम तसा साधा होता. साठ शेअरांची यादी, प्रत्येकाच्या रोज बाजार बंद होतानाच्या भावांची एक फाइल, आणि दोन अटी. पहिली अट आरएसआयची. गेल्या चौदा दिवसांत भाव जेवढा चढला तेवढ्या रुपयांची बेरीज, जेवढा पडला त्याची वेगळी बेरीज. चढाला चढ-उताराच्या एकूण बेरजेने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर पंचावन्नच्या वर असेल तर शेअरमध्ये सध्या जोर आहे. दुसरी अट, आजचा भाव गेल्या दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर हवा, म्हणजे तो जोर चार दिवसांचा नाही. दोन्ही अटी पाळणारा शेअर यादीत, बाकीचे बाहेर.

चौदा बदल मोजायला पंधरा भाव लागतात, हे मी भाजी चिरता चिरता सांगितलं. “माहीत आहे,” म्हणाले, आणि मी पाठ वळवल्यावर दुरुस्त केलं.

ठरलेल्या रविवारी केयूर आला. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्रोग्रॅम चालला, पडद्यावर अकरा शेअर उमटले, प्रत्येकापुढे भाव, आरएसआय आणि सरासरी. केयूरने मोबाइलवर एका शेअरचा आरएसआय ताडून पाहिला.

“ॲपवर अठ्ठावन्न आहे, तुमचा एकसष्ट येतोय.”

“ॲप जुन्या दिवसांचा परिणाम हळूहळू कमी करत सरासरी काढतं. मी साधी काढतो. दोन्ही पद्धती चालतात,” हे म्हणाले. हे खरं होतं. केयूरच्या भुवया वर गेल्या, आणि ह्यांची मान त्याहून वर गेली.

मग केयूरने प्रोग्रॅम वाचला. म्हणजे वरून खाली बोट फिरवलं. मराठी वाचताना त्याचे ओठ हलतात, फार वेळ हलले नाहीत. “लॉजिक परफेक्ट आहे, बाबा. मानलं तुम्हाला. अकाउंट ठेवा तुम्हीच.” जाताना डबा घेऊन गेला.

इतकी वर्षं संसार केला, पण हे शीळ घालतात हे मला त्या दिवशी कळलं. सोमवारी बाजार उघडला की अकरातले चार शेअर घ्यायचे असं ठरलं. “मी एकदा तपासू का?” मी विचारलं.

“तपासायचं काय त्यात? मी स्वतः तीन वेळा तपासलंय.”

हे वाक्य बोलणारा माणूस तोच नियमवाला होता. मला ते झोंबलं, म्हणून ह्यांची दुपारची झोप लागल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. केयूरने पाहिलेलाच शेअर घेतला. चौदा दिवसांतली वाढ सत्तेचाळीस रुपये, घट तीस. सत्तेचाळीस भागिले सत्त्याहत्तर, एकसष्ट. बरोबर. शाबास म्हणावंसं वाटलं, पण माणूस झोपला होता.

सरासरीसाठी मात्र दोनशे भावांची बेरीज करावी लागलीच नाही. भाव होता ३४२, आणि प्रोग्रॅमच्या मते दोनशे दिवसांची सरासरी ३३१. मी फाइल वर सरकवली. दोनशेपैकी पहिले एकशे सत्तर दिवस हा शेअर चारशेच्या खाली एकदाही आला नव्हता. उरलेल्या तीस दिवसांत सगळ्यांत खालचा भाव २९६. म्हणजे काहीही केलं तरी सरासरी ३८४ च्या खाली जाणार नाही. वर्षभर घसरलेला आणि दोन आठवडे जरा उसळलेला शेअर आमच्या यादीत ‘दमदार’ म्हणून बसला होता. सातवीतल्या मुलाने असं उत्तर आणलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मग प्रोग्रॅम वाचला. वर लिहिलं होतं, ‘दिन = 14’. त्यावर आरएसआय काढलेला. पुढे एकतिसाव्या ओळीत, ‘दीन = 200’. आणि त्याखाली सरासरी काढताना पुन्हा ‘दिन’.

पायथनला काय, त्याने शाळेत मराठी घेतलेलं नाही. दीर्घ वेलांटीचा दीन त्याने एक नवा चल म्हणून ठेवून घेतला, दोनशे हा आकडा त्याच्या ओंजळीत टाकला आणि ते दोनशे कुठेच वापरले नाहीत. दिन चौदाचा चौदाच राहिला. दोनशे दिवसांची म्हणून जी सरासरी आम्ही मिरवत होतो, ती चौदा दिवसांची होती. चूकही दाखवली नाही, कारण दोन्ही नावं त्याच्या लेखी अस्तित्वात होती. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करताना खाली पर्याय येतात, त्यातला दुसरा दाबला गेला असणार.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. लाल पेन शोधून आणलं. त्या पत्राची परतफेड करायची मी इतकी वर्षं वाट पाहत होते. एकतिसावी ओळ कागदावर उतरवली आणि दीर्घ वेलांटीवर गोल काढला. मग चहाच्या वेळी तो कागद कपाबरोबर पुढे ठेवला.

ह्यांनी तो उचलून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दीनच होता. माझा आनंद तिथेच संपला, आणि मला स्वतःचीच चीड आली.

“अहो, ओळ सुधारा आणि नवी यादी काढा,” मी म्हटलं. “केयूर हो म्हणून गेलाय. कुणाला कळणार आहे?”

“छापून बाहेर गेल्यावर सापडलेली चूक गुपचूप सुधारत नाहीत, पद्मजा. शुद्धिपत्र जोडतात.”

आणि खरंच केयूरला व्हॉट्सॲपवर शुद्धिपत्र गेलं. ‘ओळ ३१. दीन ऐवजी दिन असे वाचावे. शर्तीप्रमाणे पासवर्ड देण्यात येईल.’

पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘पण बाबा दोन्ही सेमच आहे ना?’

ते वाचून ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला. शेअर पडला तेव्हाही इतके खचले नव्हते. एक्क्याण्णव साली, सगळं जग भारतात येणार म्हणून पेपर ओरडत होते, तेव्हा पोराला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट ह्यांचाच होता. “मराठी काय, घरी मी आहेच,” म्हणाले होते. घरी होते, पण प्रुफं घेऊन बसलेले.

“मी जगाच्या वेलांट्या सुधारत बसलो,” एवढंच म्हणाले. मी चहा पुन्हा गरम करून आणला.

पासवर्ड त्याच संध्याकाळी दिला. केयूर ‘राहू दे हो’ म्हणेल असं मला वाटलं होतं. तो ‘थँक्स बाबा’ म्हणाला. पण ओटीपी अजून ह्यांच्याच मोबाइलवर येतो. त्यामुळे केयूरला प्रत्येक वेळी फोन करावा लागतो, आणि हे आकडे सांगण्याआधी विचारतात, “दोनशे दिवसांची सरासरी पाहिलीस का?” मग सावकाश दोन-दोन आकड्यांची जोडी, शुद्ध मराठीत. केयूरला ‘एकोणसाठ’ म्हणजे किती हे हळूहळू कळायला लागलंय.

सुधारलेल्या प्रोग्रॅममधून अकरापैकी चारच शेअर राहिले. तो ३४२ वाला गळाला. पुढच्या महिन्यात तो चांगला वीस रुपये चढला. रीत चुकलेली आणि उत्तर जुळलेलं, अशा गणिताला मी तीस वर्षं शून्य दिलं आहे, त्यालाही शून्यच.

परवा हे बाहेर गेल्यावर मी तो प्रोग्रॅम उघडला. सगळ्यांत वर, पायथन वाचत नाही अशा टिपेच्या ओळीत, एक नवा मजकूर होता. ‘लेखन : माधव. मुद्रितशोधन : पद्मजा.’

मी ती ओळ लाल पेन हातात घेऊन तीन वेळा वाचली. चूक नव्हती.