निळ्या जिभेचा भरवसा

कॉम्प्युटर जोडून विकायचं आमचं दुकान होतं. खरेदी आणि तपासणी माझ्याकडे, जोडणी माझ्या नवऱ्याच्या जुन्या मित्राकडे. बारा वर्षं. ते मला वहिनी म्हणत.

दोन हजारचं दशक सरलं, त्या सुमाराला निळ्या जिभेचे, म्हणजे आतली प्लास्टिकची पट्टी निळी असलेले, यूएसबी पोर्ट आले. मी तक्ता करून भिंतीवर लावला. काळी जीभ: जुना वेग, करंट पाचशे मिलिअँपिअर. निळी: कितीतरी पट वेग, करंट नऊशे. लाल: मोबाईल चार्जिंगला जास्त करंट, बऱ्याचदा कॉम्प्युटर बंद असतानाही. प्रत्येक मशीन तक्त्याशी ताडून खूण करायची आणि द्यायचं.

मुरगूडच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने मशीन नेलं आणि आठवड्यात परत आणलं. पोर्टेबल डिस्क पुढच्या निळ्या पोर्टला लावली, तरी कॉपीला पूर्वीइतकाच वेळ.

"निळं बघून घेतलं की मी," तो काउंटरवर ओरडला. "हे तर बैलगाडीगत चालतंय!"

मी तक्त्याकडे पाहिलं. त्याच्या मशीनच्या रकान्यात निळ्यासमोर खूण होती. मग चूक जोडणाऱ्याचीच.

"आतली नवी वायर काढून जुनी घातली का तुम्ही?" मी गिऱ्हाइकासमोरच त्यांना विचारलं. "नवी कुठं गेली?"

त्यांनी तीच डिस्क मागच्या निळ्या पोर्टला लावली. कॉपी भराभर झाली. मग पुढच्या पोर्टवर बॅटरी मारली.

"मोजा, वहिनी. खऱ्या निळ्यात पुढं चार पिना आन् आत आणखी पाच. हितं चारच हायत. जीभ नुसती रंगवल्याली हाय. वायर जुन्याच जोडणीची, कॅबिनेटवाल्यानंच घातल्याली. रंग कुणीबी देतंय, त्याला कायदा न्हाय."

कॅबिनेट, म्हणजे मशीनची पेटी, मी आणलं होतं, स्वस्त म्हणून. आणि खोकी उतरवली त्या दिवशी त्यांनी मला सांगितलंही होतं, "निळं नावाचंच हाय." मी याद्या लिहीत होते. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

तेव्हा त्यांची माफी मागणारं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी गिऱ्हाइकाला म्हणाले, "मागच्या पोर्टला लावत जा. कॅबिनेट बदलून देऊ."

"चोर कोण, ते न्हाय सांगितलंसा," व्हिडिओवाला हसला. चेष्टेतच. ते हसले नाहीत.

कॅबिनेट त्यांनीच बदललं, नीट, नेहमीसारखं. शनिवारी स्वतःचे स्क्रूड्रायव्हर कापडात गुंडाळले.

"वहिनी, येतो."

"सोमवारी चार मशीन आहेत," मी म्हणाले.

"व्हय, बघितलंय," ते म्हणाले आणि गेले. सोमवारी आले नाहीत. नवऱ्याने त्यांच्या घरी दोन चकरा मारल्या. मी गेले नाही.

तक्त्यात मी चौथी ओळ घातली: रंगावर जाऊ नये, पिना मोजाव्यात, मदरबोर्डचं माहितीपुस्तक पाहावं. अक्षर चांगलं आलं होतं. ती ज्यांना वाचून दाखवायची, ते दुकानात नव्हते.