पंधरा आणि दहा फरश्या

माझ्या बाबांनी आंजी, आर्वी आणि वर्ध्यातल्या कितीतरी घरांत फरशी बसवली. आमचं घर मात्र शेणानं सारवलेलं. आई दर आठ दिवसांनी सारवायची, आणि मी खाटेवर वह्या घेऊन बसायची, कारण ओल्या जमिनीवर वह्या खराब व्हायच्या. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा ते मी गावात दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं असतं.

मग बी.एड.ला प्रवेश घेतला, आणि अडकले एका गणितात. आठवीच्या वर्गावर सराव पाठ होता. विषय त्रिकोणी संख्या: एक, तीन, सहा, दहा, पंधरा. लागोपाठच्या कोणत्याही दोन मिळवल्या की पूर्ण वर्ग येतो. मी तक्त्यावर दहा जोड्या लिहिल्या. एक आणि तीन चार, तीन आणि सहा नऊ, सहा आणि दहा सोळा. खाली लाल शाईनं नियम. उदाहरणांकडून नियमाकडे, आमच्या नोट्समध्ये होतं तसंच.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शंभराव्या जोडीले नाई झालं तं?"

मी म्हटलं, होतेच. वर्ग हसला. मागे बसलेले आमचे निरीक्षक सर हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, पाठ पुन्हा घ्यावा. मी बाहेर त्यांच्याशी भांडलेच. तुमच्याच पद्धतीनं शिकवलं, म्हटलं. ते म्हणाले, "उदाहरणांनी नियम सापडतो. तो खरा का, हे कुठं सांगितलंत?"

दुसऱ्या वेळी मी बीजगणित नेलं. एन गुणिले एन उणे एक भागिले दोन, अधिक एन गुणिले एन अधिक एक भागिले दोन; कंस सोडवले, उणे एन आणि अधिक एन गेले, राहिला एन वर्ग. सगळं बरोबर. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. ती मुलगी म्हणाली, "बरोबर हाये मॅडम, पण दिसत नाई." सरांनी परत तेच लिहिलं. आता फक्त वार्षिक पाठ राहिला होता. तो गेला की पदवी वर्षभर लांबणार, आणि घरी सगळ्यांनी माझ्या नोकरीवर डोळे लावलेले. मला त्या पोरीचा राग, सरांचा राग, आणि आकड्यांचा सगळ्यात जास्त.

रविवारी बाबांचा डबा घेऊन त्यांच्या कामावर गेले. एका घराचं न्हाणीघर होतं, पाच फरश्या बाय पाच. बाबांनी कोपऱ्यापासून पायऱ्यांसारखं बसवत आणलं होतं: भिंतीलगत पाच, मग चार, तीन, दोन, एक.

"काऊन वो बाई, तोंड पाडून आली?"

मी विचारलं, असं पायऱ्यांनी काऊन बसवता.

"दोन्ही भिंतींची रेघ संगंसंग धरा लागते. नाईतं वाकडं जाते."

"किती राह्यल्या?"

"दहा."

"मोजल्या तं नाई तुम्ही."

"मोजाचं काय त्याच्यात? पंचवीसची जागा, पंधरा बसल्या."

मी उरलेल्या जागेकडे पाहिलं. भरलेल्या ओळी पाच, चार, तीन, दोन, एक. त्यांच्यापुढे रिकाम्या शून्य, एक, दोन, तीन, चार. प्रत्येक ओळ पाचाचीच. मी विचारलं, राहिलेल्या पायऱ्याही पंधराच्या असत्या तर?

"मंग एक रांग भिंतीत घुसन. बी.एड.वाले असंच शिकवतात का?"

मला हसू आलं नाही. दोन वर्षं वह्या भरल्या, आणि हे बाबांच्या गुडघ्याखाली पडलेलं होतं.

वार्षिक पाठाला फरशीच्या खोक्यांचे चौकोनी तुकडे कापून नेले. त्याच मुलीला पुढं बोलावलं. तिनं पंधराची पायरी मांडली, दहाची उलटी करून तिच्यात बसवली. मग मी म्हटलं, आता जिची सगळ्यात लांब ओळ शंभराची अशी पायरी डोळ्यांपुढे आण, आणि तिच्यात नव्व्याण्णवच्या ओळीची बसव. "शंभर ओळी," ती म्हणाली, "अन् हरेकीत शंभरच. एकीकडं एक कमी झाला का दुसरीकडं एक वाढते." मग बाकावर जाता जाता म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी सांगाचं ना मॅडम."

सरांनी गुण कापले. खोक्याचे तुकडे पाठ टाचणात लिहिलेले नव्हते म्हणून. ते मला आजही पटलेलं नाही.

पण त्या पाठात मी पास झाले. त्याच वर्षी बी.एड. पूर्ण केलं.