नाव न विचारणारी तार

देवमनला निवृत्त व्हायला आठ महिने उरले होते, आणि गुडघ्यांनी त्याच्याही आधी राजीनामा दिला होता. मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला माणूस. पण नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या कारखान्यात चिकटला तो चिकटलाच. सव्वीस वर्षं झाली. मशीनींचे कंट्रोलर, सेन्सर, वाफेचे व्हॉल्व्ह, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. काही बिघडलं की देवमन. काही चाललं की साहेब. असाच कारभार असतो, आपण कशाला जीव जाळायचा, असं तो दहा वर्षांपासून म्हणत होता आणि दहा वर्षांपासून जाळत होता.

एक खोड मात्र त्याची पक्की. कोणतीही तार जोडली की तिला पांढरी पट्टी चिकटवायची. कुठून कुठं, कोणत्या तारखेला, कोणी जोडली, सगळं बारीक अक्षरात. नवीन पोरं हसायची. हसू द्या. कारखान्यातल्या शेकडो तारांमधे एकच अशी होती जिच्यावर पट्टी नव्हती. ती त्यानं स्वतः जोडली होती, आणि दोनच दिवसांसाठी जोडतो आहे म्हणून चिकटवायचा कंटाळा केला होता.

ती कशी जोडली गेली तेही ऐका. कारखान्यात दोन वेगळी नेटवर्क. एक मशीनींचं, एक ऑफिसचं. मधे फायरवॉल, म्हणजे परवानगीशिवाय काही पलीकडे जाऊ न देणारी पेटी, आणि तिच्या वेगळ्या कप्प्यात एक सर्व्हर. मशीनींचे आकडे त्या सर्व्हरनं गोळा करायचे आणि ऑफिसवाल्यांनी ते सर्व्हरकडून घ्यायचे. ऑफिसातून सरळ मशीनपर्यंत जायला वाटच ठेवलेली नव्हती. का, ते देवमनला चांगलं ठाऊक होतं. या मशीनी एकमेकींशी मॉडबस नावाच्या जुन्या पद्धतीनं बोलतात. अमुक नंबरच्या रजिस्टरात, म्हणजे मशीनच्या आठवणीतल्या खणात, अमुक आकडा लिही, एवढाच निरोप असतो. कोण सांगतंय, त्याला सांगायचा हक्क आहे का, हे विचारायची त्यात सोयच नाही. ज्याची तार पोचली तो मालक. म्हणून तर तार पोचू द्यायची नसते.

जुलैत तो सर्व्हर बंद पडला. नवा घ्यायचा कागद साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला तो पडलाच. आणि त्याच आठवड्यात माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती, त्यांना प्रत्येक मशीनच्या विजेचे आकडे पाहिजे होते. प्लांटचे प्रमुख किशोर साहेब, नागपूरचे, म्हणाले की उद्यापर्यंत आकडे पडद्यावर दिसले पाहिजेत, कसे ते तुम्ही बघा. देवमननं बघितलं. फायरवॉलला वळसा घालून एक तार मशीनींच्या स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र येतात त्या डब्यातून, काढून ऑफिसच्या स्विचमधे खोचली. विजेचा हिशेब ठेवणाऱ्या विपुलच्या कॉम्प्युटरला मशीनींच्या रांगेतला एक पत्ता देऊन टाकला. आकडे दिसले, पाहुणे खूश झाले, तार तिथंच राहिली. ऑक्टोबर आला तरी.

आता गजेंद्रचं. चार नंबरच्या मशीनवरचा ऑपरेटर. चांदूर बाजारहून रोज येणं-जाणं, संध्याकाळची एसटी चुकली की पंचाईत, म्हणून तो कायम पहिल्याच पाळीत. पाच वर्षं कंत्राटावर घासून या दिवाळीला पर्मनंट व्हायचा होता. आणि नेमके सप्टेंबरपासून त्याच्या मशीनवरचे तीन लॉट फिके निघाले. पॉलिस्टर कापड एकशे तीस डिग्रीवर चाळीस मिनिटं ठेवायचं असतं, तेव्हा कुठं रंग आतपर्यंत जातो. नोंदीत दिसलं की तिन्ही वेळा मशीननं पंधरा मिनिटांतच उरकलं. आकडा मधेच कोणीतरी बदलला होता. पुढचा लॉट लावला की प्रोग्रॅम नव्यानं भरला जातो आणि आकडा आपोआप चाळीस होतो. त्यामुळे नंतर बघायला जावं तर सगळं ठाकठीक. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत एकदाही काही नाही.

चौकशी बसली. गजेंद्र म्हणत राहिला की मी हात लावला नाही. साहेबांनी देवमनला विचारलं की तो आकडा कोण बदलू शकतं. देवमनचा त्या दिवशी गुडघा ठणकत होता, दोन मशीनी बंद पडल्या होत्या, आणि त्याला लवकर सुटायचं होतं. तो म्हणाला की पॅनलला पासवर्ड आहे, आणि पहिल्या पाळीत तो गजेंद्रजवळच असतो. एवढं बोलून तो उठला. खोटं काहीच बोलला नव्हता. सोमवारपासून गजेंद्रला घरी बसवलं. शनिवारी त्याच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडणार होतं.

गुरुवारी सकाळी देवमन चार नंबरजवळ स्टूल टाकून बसला. साहेबांचा हुकूम होता की सेन्सर एकदा तपासून कागद पूर्ण करा. बदली ऑपरेटरनं लॉट लावला आणि तो चहाला गेला. पडद्यावर चाळीस. देवमन पेंगत होता, खरंच पेंगत होता. साडेनवाला डोळा उघडला तर पडद्यावर पंधरा.

जवळ कोणी नाही. पॅनलला कुलूप. गजेंद्र तीस-पस्तीस किलोमीटर दूर, आपल्या घरी.

त्यानं आधी आकडा परत चाळीस केला, लॉट वाचवला. मग परत स्टुलावर बसला. पासवर्ड पडद्याला होता. तारेला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या कारखान्यात ज्या एका माणसाला चौकशीत सांगता आली असती, तो माणूस गुडघा चोळत उठून गेला होता. देवमनला स्वतःची इतकी लाज वाटली की आता इथून उठूच नये असं झालं.

उठला. स्विचच्या कपाटाशी गेला आणि बिनपट्टीची ती तार दिसली. मग विपुलकडे. विपुल साडेनवाला येतो, कॉम्प्युटर लावतो, विजेचं सॉफ्टवेअर उघडतो. उघडल्या उघडल्या ते सॉफ्टवेअर प्रत्येक मीटरला सांगतं की विजेच्या मागणीची सरासरी पंधरा मिनिटांची धर. विपुलनं पत्त्यांची यादी दाखवली. सप्टेंबरात नव्यानं घातलेल्या एका मीटरचा पत्ता चौदा हवा होता, पोरानं एक्केचाळीस लिहिला होता. एक्केचाळीस म्हणजे चार नंबर मशीनचा कंट्रोलर. मीटरमधे ज्या नंबरच्या रजिस्टरात सरासरीची मिनिटं असतात, त्याच नंबरच्या रजिस्टरात इकडे कापड ठेवायची मिनिटं. निरोप आला, कंट्रोलरनं ऐकला. पंधरा तर पंधरा. त्या एका मीटरचे आकडे वेडेवाकडे यायचे, तर विपुलनं मीटर खराब समजून तो रकाना लपवून टाकला होता. साडेनवाच्या सुमारास मशीन लॉट घेऊन तापत असेल तर तो लॉट गेला. नसेल तर काहीच नाही.

विपुल माफी मागू लागला. देवमननं त्याला गप्प बसवलं. यादी चुकते, माणूस आहे. पण ऑफिसातली चूक मशीनपर्यंत पोचूच नये म्हणून तर मधे फायरवॉल होती, आणि तिला वळसा कोणी घातला? त्यानं जाऊन तार उपसली, गुंडाळली आणि खिशात घातली.

आणि इथंच त्याला मोह झाला, खोटं कशाला सांगू. तार निघाली होती. आता लॉट बिघडणार नव्हते. मशीनच्या नोंदीत कोणाचंच नाव नव्हतं, ती पद्धतच तशी. निवृत्तीनंतर दोन वर्षं कंत्राटावर ठेवायचं साहेबांनी कबूल केलं होतं. घराचं वरचं बांधकाम अर्धवट होतं. गप्प राहायचं, बस. काही करायचंच नव्हतं, आणि थकलेल्या माणसाला त्याहून सोपं काय असतं?

घरी जेवताना त्यानं दुर्गाबाईला सगळं सांगितलं. तिला मशीनीतलं काही कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं की त्या पोराच्या घरी आज कोणाला जेवण गेलं असेल का. देवमनलाही मग जेवण गेलं नाही.

शुक्रवारी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. "साहेब, ती वायर मीनं जोडली होती. गजेंद्रनं काई केलं नाई."

किशोर साहेबांना पटेना. मग देवमननं चार नंबर रिकामी ठेवायला लावली, त्यांना पडद्यासमोर उभं केलं, पाच मिनिटांपुरती तार जोडली आणि विपुलला फोनवर सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं. सगळ्यांच्या देखत चाळीसचे पंधरा झाले. देवमननं तार परत काढली.

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "देवमनजी, तार तुम्ही काढलीच आहे. हे कागदावर आलं तर मला तुमचं नाव लिहावं लागेल. दोन वर्षांचं जे बोललो होतो, ते मग विसरा."

"नाव लिहा, साहेब. पट्टी लावाची राह्यलीच होती."

अहवाल गेला. आकडे लवकर पाहिजेत असं कोणी म्हटलं होतं, ते अहवालात आलं नाही. येत नसतं. पण सर्व्हर आठ दिवसांत आला बुवा. आता मशीनींपर्यंत तो एकटाच पोचतो, आणि तोही फक्त वाचतो. दोन वर्षांचं कंत्राट गेलं. वरचं बांधकाम तसंच राहिलं.

पुढच्याच सोमवारी गजेंद्र कामावर आला. पर्मनंटच्या यादीत त्याचं नाव तसंच होतं. देवमन त्याची वाट बघतच होता. पोरगं येईल, काहीतरी चांगलं बोलेल, असं त्याला मनातून वाटत होतं. नाही म्हणायचं कशाला. गजेंद्र आला, मशीन पुसली, लॉट लावला. पडद्यावर चाळीस आल्याचं बघून घेतलं. मग देवमनसमोर येऊन उभा राहिला. रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता, देवमनसारखाच.

"काका, कोन सांगून राह्यलं ते मशीन विचारत नाई, हे समजलं मले. तुमी तं मले विचारू शकत होते. चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावरच बसून होतो."

देवमननं मान खाली घातली, आणि गजेंद्र आपल्या मशीनकडे गेला.